चौथा काउंटर उघडायचा की नाही?

तालुक्याच्या गावातली एक बँक शाखा डोळ्यांसमोर आणू. शाखा कल्पनेतली आहे, पण आकडे कुठल्याही गजबजलेल्या शाखेत सापडावेत असेच घेतले आहेत. सकाळी अकरा ते एक ही तिथली गर्दीची वेळ. या दोन तासांत रोखीच्या कामासाठी तासाला सरासरी ४० माणसे येतात. पैसे भरणे, काढणे, नोटा मोजणे, स्लिपवरची सही पाहणे हे सगळे धरून एका माणसाला सरासरी ४ मिनिटे लागतात. म्हणजे एक काउंटर तासाला १५ माणसांचे काम उरकतो आणि तीन काउंटर ४५ माणसांचे. येणारे ४०, उरकणारे ४५. शाखाधिकारी म्हणतात, तीन काउंटर पुरेसे आहेत, उलट पाच माणसांची सवड शिल्लक राहते.

बेरीज-गुणाकारात कुठेही चूक नाही. तरीही या शाखेत साडेअकराला गेलात तर पुढे सरासरी सहा-सात माणसे उभी दिसतील, तुमचा नंबर लागायला नऊ-दहा मिनिटे जातील आणि वाईट दिवशी वीस-पंचवीसही जातील. ग्राहकाला वाटते कॅशियर हळू काम करतो. कॅशियरला वाटते लोक स्लिपा भरून येत नाहीत. दोघांचेही थोडेथोडे खरे असते, पण रांगेचे मूळ कारण वेगळेच असते.

माणसे दर दीड मिनिटाला एक अशी ठरवून येत नाहीत. कधी पाच मिनिटांत कोणीच फिरकत नाही, कधी दोन मिनिटांत सहा जण आत शिरतात. कामेही सारखी नसतात. कोणी दोन हजार काढून निघून जातो, कोणी बाजारातली गल्ल्याची रोकड पिशवीतून आणून ओततो. सरासरीच्या हिशोबात हे चढउतार एकमेकांना कापून शून्य होतात. काउंटरवर मात्र ते कापले जात नाहीत, कारण मोकळा वेळ साठवता येत नाही. सव्वाअकराला कॅशियरची तीन मिनिटे रिकामी गेली, तर ती साडेअकराच्या गर्दीला उपयोगी पडत नाहीत. ती कायमची गेली. उलट साडेअकराला साचलेली माणसे मात्र तिथेच उभी राहतात. दिवसभर हाच एकतर्फी व्यवहार चालतो आणि त्यातून रांग तयार होते.

या व्यवहाराचे गणित पहिल्यांदा नीट मांडले ते टेलिफोनसाठी. आग्नर क्रारुप एर्लांग हा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. गावात इतके फोन होतात, तर एक्स्चेंजमध्ये किती लाइनी ठेवायच्या, हा कंपनीपुढचा प्रश्न होता. लोक एकमेकांना न विचारता, आपापल्या सोयीने फोन करतात तेव्हा कॉल येण्याला कोणता नियम लागू पडतो, हे त्याने १९०९ साली दाखवले आणि १९१७ साली थांबावे लागण्याची शक्यता काढायचे सूत्र दिले. लाइनीच्या जागी काउंटर आणि कॉलच्या जागी ग्राहक ठेवला की तेच सूत्र बँकेला चालते. आजही ते एर्लांगच्या नावानेच ओळखले जाते.

सूत्राला तीनच गोष्टी लागतात: माणसे येण्याचा दर, एका काउंटरचा काम उरकण्याचा दर आणि काउंटरांची संख्या. पहिल्या दोन गोष्टी मोजाव्या लागतात, आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

पहिली चूक म्हणजे संगणकातून दिवसाचे व्यवहार काढायचे आणि त्यांनाच येणारे ग्राहक समजायचे. तीन काउंटर अखंड चालू असतील तर ते तासाला ४५ च माणसे उरकणार, बाहेर ४५ उभी असोत की ७०. व्यवहारांची नोंद काउंटरची ताकद सांगते, मागणी सांगत नाही. रांग बघून दारातूनच परत गेलेला माणूस तर त्या नोंदीत कधीच येत नाही. म्हणून मोजणी दाराशी किंवा टोकन यंत्राशी करायची. दहा-दहा मिनिटांत किती माणसे आत आली ते लिहायचे आणि पुष्कळ दिवस लिहायचे. तासाला ४० म्हणजे दहा मिनिटांना सरासरी पावणेसात. नोंदीत बहुतेक वेळा चार ते नऊ दिसतील, एखाद्या वेळी दोन आणि एखाद्या वेळी बारा. एवढा चढउतार सूत्राला अपेक्षितच असतो. तपासायची खूण अशी: या आकड्यांचा प्रसरण, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, मूळ सरासरीच्या आसपास यायला हवा. तो दुप्पट-तिप्पट येत असेल तर माणसे झुंडीने येत आहेत. एस.टी. लागली की आजूबाजूच्या गावांतले पंधरा जण एकदम आत येतात, असे काहीतरी असते. मग सूत्राने दिलेल्या उत्तरापेक्षा खरी रांग मोठी असणार, हे धरून चालायचे.

दुसरी चूक काम उरकण्याच्या वेळेत होते. काउंटरवरचे काम म्हणजे फक्त की-बोर्डवरची नोंद नव्हे. एक ग्राहक काउंटरशी आला तिथून पुढचा ग्राहक तिथे येऊन उभा राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरायचा. पिशवी उघडणे, रबरबँड सोडणे, नोट मोजायच्या यंत्रात अडकणे, फाटकी नोट परत देणे, "पासबुकात एंट्री करून द्या ना" ही विनंती, टोकनचा आकडा बदलल्यावर बाकावरून उठून येणे, हे सगळे त्यात येते. घड्याळ लावून मोजले की शाखेला अडीच मिनिटांचे वाटणारे काम चार मिनिटांचे निघू शकते.

आता आपल्या शाखेचा हिशोब करू. तासाला ४० माणसे, प्रत्येकाचे ४ मिनिटांचे काम, म्हणजे तासाला १६० मिनिटांचे काम दारातून आत येते. एका काउंटरकडे ६० मिनिटे असतात, म्हणून निदान २.६७ काउंटर हवेत. दोन काउंटर असतील तर रांग वाढतच जाणार. तीन असतील तर प्रत्येक कॅशियर तासातली ८९ टक्के मिनिटे कामात असणार.

येणाऱ्या माणसाला थांबावे लागण्याची शक्यता एर्लांगच्या सूत्रातून निघते. एक्सेलच्या पानावर ती दोन-चार ओळींत काढता येते. तीन काउंटर असताना ती ८० टक्के आहे. सरासरी थांबणे काढायला ही शक्यता शिलकी ताकदीने भागायची. तीन काउंटरांची ताकद ४५, येणारे ४०, शिल्लक ५. ०.८० भागिले ५ म्हणजे ०.१६ तास, साधारण साडेनऊ मिनिटे.

चौथा काउंटर उघडला तर? ताकद ६० होते. शिल्लक ५ ची २० होते, चौपट. थांबावे लागण्याची शक्यता ८० वरून ३८ टक्क्यांवर येते, म्हणजे निम्म्याहून कमी. शक्यता अर्धी आणि शिल्लक चौपट, दोन्हीचा परिणाम एकत्र होतो. ०.३८ भागिले २० म्हणजे ०.०१९ तास. साडेनऊ मिनिटांची ६८ सेकंदे झाली.

माणसे एका तृतीयांशाने वाढली आणि थांबणे आठ पटींनी कमी झाले, हे पहिल्यांदा वाचताना पटत नाही. पटण्यासाठी एकूण ताकदीकडे न बघता शिलकीकडे बघावे. रांग ठरते ती ४५ किंवा ६० वरून नव्हे, ती ५ की २० यावरून. पाचवा काउंटर उघडला तर थांबणे ६८ सेकंदांवरून १७ सेकंदांवर येईल. ते छान आहे, पण ५० सेकंदे वाचवण्यासाठी आणखी एक माणूस बसवायला मी सांगणार नाही. या शाखेला गर्दीच्या वेळी चार काउंटर हवेत.

सरासरीने पूर्ण चित्र दिसत नाही, म्हणून शेपटीकडेही बघावे. तीन काउंटर असताना दर तीन ग्राहकांतला एक दहा मिनिटांहून जास्त थांबतो आणि दर सात जणांतला जवळपास एक वीस मिनिटांहून जास्त. चार काउंटर असताना दहा मिनिटांहून जास्त थांबणारा शंभरात एखाददुसरा निघतो. बँकेकडे तक्रार घेऊन येतो तो वीस मिनिटे थांबलेला माणूस. सरासरी साडेनऊ मिनिटांचा अहवाल त्याला दाखवून काही उपयोग नसतो.

चौथा माणूस द्यायला वरचे कार्यालय तयार नसेल तर? शिल्लक दुसऱ्या बाजूनेही वाढवता येते. काम उरकण्याची वेळ ४ मिनिटांवरून साडेतीनवर आणली, तर तीनच काउंटर तासाला ५१ माणसे उरकतात. शिल्लक पाचाऐवजी अकराच्या वर जाते आणि थांबणे साडेनऊ मिनिटांवरून सव्वातीन मिनिटांवर येते. अर्ध्या मिनिटाची ही किंमत आहे. ते अर्धे मिनिट रांगेतच वाचवता येते. शिपाई किंवा एखादा शिकाऊ कर्मचारी रांगेतून फिरून स्लिपा तपासतो, खाते क्रमांकात अंक कमी पडला असेल तर तिथेच भरून घेतो, अक्षरी रक्कम लिहिलेली आहे का बघतो, मोठ्या रकमेला पॅन क्रमांक लागणार असेल तर तो आधीच लिहायला लावतो. ही कामे काउंटरवर झाली तर सगळ्या रांगेचा वेळ खातात. रांगेत झाली तर कोणाचाच खात नाहीत, कारण तो माणूस तसाही उभाच असतो.

याची उलटी बाजूही तितकीच तीक्ष्ण आहे. बँकेची लिंक हळू झाली आणि ४ मिनिटांची साडेचार मिनिटे झाली, तर तीन काउंटरांची ताकद बरोबर ४० वर येते. शिल्लक शून्य. मग रांग स्थिरावतच नाही, गर्दी संपेपर्यंत ती वाढत राहते. त्याच दिवशी चार काउंटर असते तर थांबणे सव्वादोन मिनिटांपर्यंत गेले असते आणि कोणाच्या फारसे लक्षातही आले नसते. काठोकाठ भरलेल्या व्यवस्थेत अर्ध्या मिनिटाची चूकही झाकली जात नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वरचे सगळे आकडे एकाच रांगेचे आहेत. टोकन यंत्र किंवा दोरीची एक ओळ असते आणि जो काउंटर मोकळा होईल तिथे पुढचा माणूस जातो. जुन्या पद्धतीने प्रत्येक काउंटरपुढे वेगळी रांग लावली आणि लोक आपापल्या रांगेतच राहिले, तर त्याच तीन काउंटरांत, त्याच तीन कॅशियरांसह, सरासरी थांबणे ३२ मिनिटांवर जाते. प्रत्यक्षात लोक रांग बदलतात, शेजारची रांग पुढे सरकली की तिकडे पळतात, त्यामुळे फरक एवढा मोठा राहत नाही. पण वेगळ्या रांगांत एका काउंटरपुढे पिशवीवाला व्यापारी अडकलेला असताना शेजारचा काउंटर रिकामा बसू शकतो. एका रांगेत हे होतच नाही. काउंटर वाढवायचा विचार करण्याआधी टोकन यंत्र बंद पडलेले आहे का, हे बघावे.

पिशवीवाल्या व्यापाऱ्याचा विषय निघालाच आहे तर वेळेच्या असमानतेबद्दलही सांगतो. आपल्या शाखेत दहांपैकी आठ जणांचे काम दोन मिनिटांचे आणि दोघांचे बारा मिनिटांचे आहे असे समजा. सरासरी चारच मिनिटे येते आणि प्रमाण विचलनही चार मिनिटे येते. एर्लांगचे सूत्र एवढाच चढउतार गृहीत धरते, म्हणून वरचे आकडे चालतात. सगळ्यांचे काम नेमके चार मिनिटांचे असते तर थांबणे जवळपास निम्मे झाले असते. लग्नसराईत किंवा हंगामात मोठ्या रोकडीची कामे लांबली तर ते वाढते. मोठ्या रोकडीला पैसे भरायच्या यंत्राकडे किंवा ठरावीक वेळेला वळवले, तर सरासरी थोडी कमी होतेच, पण चढउतार त्याहून जास्त कमी होतो आणि खरा फायदा त्यातून मिळतो.

चौथ्या काउंटरला खरा विरोध येतो तो दुसऱ्याच कारणाने. चार काउंटर असताना प्रत्येक कॅशियर तासातली २० मिनिटे मोकळा असतो. तीही सलग नव्हे, मिनिट-दोन मिनिटांच्या तुकड्यांत. विभागीय अधिकारी नेमके त्या वेळी शाखेत आले, तर त्यांना एक माणूस रिकामा बसलेला दिसतो आणि ते तो काउंटर बंद करायला सांगतात. मला हे फार चुकीचे वाटते. ती २० मिनिटे वाया जात नाहीत, रांग आखूड ठेवण्याचे काम तीच करतात. हिशोब करून बघा. चौथ्या काउंटरने प्रत्येक ग्राहकाची साधारण साडेआठ मिनिटे वाचतात. तासाला ४० ग्राहक म्हणजे साडेपाच तासांहून जास्त. बँकेचा एक माणूस-तास खर्च होतो आणि गावाचे साडेपाच माणूस-तास वाचतात. त्यात शेतातले काम सोडून आलेला माणूसही आहे आणि दुकान बंद करून आलेलाही.

आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे शाखेतच तपासता येते. त्यासाठी अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम पुरतो: रांगेतल्या माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले सरासरी थांबणे. दर पाच मिनिटांनी रांगेतली डोकी मोजायची आणि सरासरी काढायची. ती ६.४ आली आणि तासाला ४० माणसे येत असतील, तर थांबणे ६.४ भागिले ४० तास, म्हणजे पुन्हा तीच साडेनऊ मिनिटे. येण्याची आणि उरकण्याची तऱ्हा कशीही असली तरी हा नियम लागू पडतो. मोजलेली रांग हिशोबापेक्षा बरीच लांब निघाली, तर बहुधा तीनांपैकी एक काउंटर मधूनमधून बंद राहतो. कॅशियर तिजोरीतून रोकड आणायला जातो किंवा त्याला दुसऱ्या टेबलावर बोलावलेले असते. कागदावर तीन काउंटर आणि प्रत्यक्षात अडीच, हे मला वाटते सर्रास होत असावे.

दिवसभराची सरासरी घेऊनही फसगत होते. दहा ते चार या सहा तासांत १८० ग्राहक आले तर तासाला ३० पडतात, आणि तीन काउंटरांना सूत्र पावणेदोन मिनिटांचे थांबणे सांगते. अहवालात ते उत्तम दिसते. पण त्यातले ८० ग्राहक अकरा ते एकमध्येच आले होते. उरलेल्या चार तासांत तासाला २५ च येतात. तेव्हा दोन काउंटर ठेवले तर थांबणे नऊ मिनिटे, तीन ठेवले तर एका मिनिटाहून कमी. म्हणून उत्तर एका आकड्यात देता येत नाही. एरवी तीन, अकरा ते एक चार. चौथा माणूस दिवसभर बसवायला नको, दोन तास दुसऱ्या टेबलावरून उठून आला तरी पुरे.

पेन्शनच्या दिवशी मात्र सूत्र बाजूला ठेवावे लागते. त्या दिवशी दहा ते एक तासाला ५५ माणसे येतात आणि तीन काउंटर ४५ उरकतात. शिल्लक उणे झाली की सूत्राला उत्तरच नसते. मग साधी वजाबाकी करायची. तासाला १० माणसे साचतात, एक वाजता रांगेत ३० उभी असतात आणि त्या वेळी आलेला म्हातारा माणूस ४० मिनिटे थांबतो. एकनंतर तासाला ३० च येतात आणि ४५ उरकतात, म्हणजे रांग तासाला १५ ने कमी होते. ती संपायला तीन वाजतात. गर्दी एकला ओसरली, पण रांग आणखी दोन तास राहिली, आणि त्यातच जेवणाची सुट्टी आली तर हिशोब आणखी बिघडतो.

चौथा काउंटर सकाळी दहालाच उघडला, तर त्या दिवशीचे थांबणे दहा मिनिटांच्या आसपास राहते. पाच उघडले तर सव्वा मिनिट. पण बहुतेक ठिकाणी रांग डोळ्यांत भरल्यावरच चौथा माणूस काउंटरवर येतो. समजा तो बारा वाजता आला. तोवर २० माणसे साचलेली असतात. चार काउंटर ६० उरकतात, ५५ येतच राहतात, त्यामुळे तासाभरात रांग फक्त पाचने घटते. एक वाजता अजून १५ जण उभे असतात आणि रांग दीड वाजता संपते. बारा वाजता आलेल्या माणसाला वीस मिनिटे उभे राहावे लागते. माणूस तोच, काउंटर तोच, फक्त दोन तास उशिरा उघडलेला.